जिकडेतिकडे एक

चार रांगा, चार स्तंभ आणि सोळाही घरांत १. गणितात या चौकोनाला J म्हणतात.

१ १ १ १
१ १ १ १
१ १ १ १
१ १ १ १

मॅट्रिक्स शिकवताना हा चौकोन फळ्यावर हमखास येतो आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू विचारल्या जातात. बहुतेक विद्यार्थी लगेच निश्चयक मांडायला घेतात. चार बाय चारच्या निश्चयकात २४ गुणाकार असतात. थोडी चिकाटी असली तर पाऊण पानात काम होते. पण चौकोन दहा बाय दहाचा असेल तर गुणाकारांची संख्या ३६,२८,८०० होते आणि वही मिटावी लागते. प्रत्यक्षात या प्रश्नाला एकाही गुणाकाराची गरज नाही. चौकोन चारचा असो वा चार हजारांचा, त्याबद्दलच्या दोन साध्या गोष्टी माहीत असल्या की पुरे: त्याची रँक आणि त्याचा ट्रेस. एवढ्या थोड्या माहितीवर उत्तर कसे निघते आणि कुठे निघत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

आधी हा चौकोन करतो काय, ते पाहू. मॅट्रिक्स म्हणजे संख्यांची एक यादी घेऊन दुसरी यादी देणारी कृती. J ची कृती सगळ्यांत सोपी आहे. दिलेल्या यादीतल्या संख्यांची तो बेरीज करतो आणि तीच बेरीज प्रत्येक जागी लिहितो. समजा चार मित्र सहलीला गेले. पहिल्याने ३०० रुपये खर्च केले, दुसऱ्याने काहीच नाही, तिसऱ्याने ५०० आणि चौथ्याने २००. ही यादी J ला दिली की उत्तर येते १०००, १०००, १०००, १०००. कोणी किती दिले हे पुसले गेले, एकूण खर्च तेवढा राहिला.

आता आयगेनव्हॅल्यू. बहुतेक याद्या मॅट्रिक्समधून बाहेर पडताना पार बदलून जातात, त्यांतल्या संख्यांचे एकमेकींशी असलेले प्रमाणच राहत नाही. पण काही याद्यांचे प्रमाण जसेच्या तसे टिकते, फक्त सगळ्या संख्यांना एकाच आकड्याने गुणले जाते. तो गुणणारा आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. यादी सगळीच शून्यांची नसावी, एवढी एक अट असते, कारण शून्यांच्या यादीला कोणत्याही आकड्याने गुणले तरी शून्यच. उलट आयगेनव्हॅल्यू स्वतः शून्य असायला काही हरकत नाही. एखादी यादी मॅट्रिक्समधून बाहेर येताना पूर्ण शून्य झाली, तर तिच्यासाठी गुणणारा आकडा शून्य होता, इतकेच. J च्या गोष्टीत या शून्याला मोठी भूमिका आहे.

रँकपासून सुरुवात करू. मॅट्रिक्सच्या किती रांगा खरोखर स्वतंत्र आहेत, म्हणजे दुसऱ्या रांगांची बेरीज-वजाबाकी किंवा पट करून मिळत नाहीत, ती संख्या म्हणजे रँक. J ची पहिली रांग लिहिली की बाकीच्या तिच्याच नकला आहेत. म्हणून रँक १, मग आकार कितीही असो. हीच गोष्ट उत्तराच्या बाजूनेही दिसते. आत जाणाऱ्या यादीत चार संख्या मोकळ्या आहेत, आपण हव्या तशा भरू शकतो. बाहेर येणारी यादी मात्र एकाच संख्येवर ठरते, ती म्हणजे बेरीज. चार मोकळीका आत गेल्या, एक बाहेर आली. मग उरलेल्या तीन गेल्या कुठे? त्या शून्यात गेल्या. ज्या यादीची बेरीज शून्य, ती J मधून शून्य होऊन बाहेर येते, आणि अशा एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन याद्या सहज सापडतात: (१, −१, ०, ०), (१, ०, −१, ०), (१, ०, ०, −१). सापडल्या नसत्या तरी त्या आहेत हे रँकवरूनच कळले असते, कारण आत गेलेल्या मोकळीकांतून रँक वजा केली की शून्यात गेलेल्या मोकळीका मिळतात, हा कोणत्याही मॅट्रिक्सला लागू पडणारा सिद्धांत आहे. आकार n असेल तर शून्यात जाणाऱ्या मोकळीका n − १.

म्हणजे n आयगेनव्हॅल्यूंपैकी n − १ तर एका फटक्यात मिळाल्या, आणि त्या सगळ्या शून्य आहेत. उरली एक.

ती उरलेली ट्रेस सांगतो. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे ट्रेस. J च्या कर्णावर n वेळा १ आहे, म्हणून ट्रेस n. आणि कोणत्याही चौकोनी मॅट्रिक्सचा ट्रेस त्याच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यूंच्या बेरजेइतका असतो. n − १ शून्ये अधिक एक अज्ञात संख्या बरोबर n. अज्ञात संख्या n. झाले. चारच्या J च्या आयगेनव्हॅल्यू ४, ०, ०, ०, आणि चार हजारांच्या J च्या एक ४००० व बाकीची ३९९९ शून्ये.

कर्णावरच्या बेरजेचा आणि आयगेनव्हॅल्यूंच्या बेरजेचा संबंध काय, हे मात्र पाठ करून सोडून देण्यासारखे नाही. नुसते सूत्र म्हणून ते जादूसारखे वाटते, आणि जादूवर विश्वास ठेवून गणित करू नये. कारण असे आहे. एखादी संख्या λ आयगेनव्हॅल्यू आहे का, हे तपासायचे तर कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून λ वजा करायचा आणि तयार झालेल्या नव्या चौकोनाचा निश्चयक शून्य येतो का ते पाहायचे. निश्चयक म्हणजे गुणाकारांची बेरीज-वजाबाकी, आणि त्यातला प्रत्येक गुणाकार प्रत्येक रांगेतून एक आणि प्रत्येक स्तंभातून एक संख्या उचलून होतो. हा निश्चयक उलगडला की λ ची एक बहुपदी मिळते, आणि तिची मुळे म्हणजे आयगेनव्हॅल्यू. दोन बाय दोनच्या चौकोनात वरच्या रांगेत a, b आणि खालच्या रांगेत c, d असतील तर बहुपदी अशी येते:

λ² − (a + d)λ + (ad − bc)

मधल्या पदात a + d, म्हणजे ट्रेस, आणि शाळेत वर्गसमीकरण शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल की मधल्या पदाचा सहगुणक, चिन्ह बदलून, मुळांची बेरीज असतो. मोठ्या चौकोनातही हेच घडते, पण त्यासाठी एक छोटे निरीक्षण लागते. λ फक्त कर्णावर आहे. एखाद्या गुणाकारात कर्णावरची एक संख्या सोडून दुसरीकडची उचलली, तर त्या दुसऱ्या संख्येचा स्तंभ वापरला गेल्यामुळे कर्णावरची आणखी एक संख्या सोडावीच लागते. कर्णावरची एकच जागा चुकवणे शक्यच नाही, निदान दोन तरी चुकतात. म्हणून λ चा n − १ वा घात फक्त त्या एकाच गुणाकारातून येतो ज्यात सगळ्या संख्या कर्णावरच्या आहेत, आणि तिथे त्याचा सहगुणक म्हणजे, चिन्ह वगळता, कर्णाची बेरीज. कर्णाबाहेर काय लिहिले आहे याला इथे काडीचीही किंमत नाही.

पहिल्या पायरीतही एक फट आहे आणि ती बुजवायला हवी. शून्यात जाणाऱ्या n − १ स्वतंत्र याद्या आहेत, हे ठीक. पण बहुपदीच्या मुळांत शून्य खरोखर n − १ वेळा मोजले जाईल, हे कशावरून? समजा, नेहमीच्या मोजमापाऐवजी आपण त्या n − १ याद्यांनाच एकक मानले आणि जोडीला आणखी कोणतीही एक स्वतंत्र यादी घेतली. या नव्या एककांत तीच कृती लिहिली तर पहिले n − १ स्तंभ पूर्ण शून्य येतात, कारण ती एकके शून्यात जातात. फक्त शेवटच्या स्तंभात काहीतरी असते. अशा चौकोनाच्या कर्णावर n − १ शून्ये आणि शेवटी एक संख्या, आणि याच त्याच्या आयगेनव्हॅल्यू. एकके बदलल्याने बहुपदी बदलत नाही, म्हणून ट्रेसही बदलत नाही. तेव्हा शेवटच्या कोपऱ्यातली ती एकटी संख्या मूळच्या ट्रेसइतकीच असणार. J साठी n.

आता सहलीच्या हिशेबाकडे पाहिले तर हे उत्तर डोळ्यांना दिसते. चौघांनी प्रत्येकी २५० दिले असते तर J ने १०००, १०००, १०००, १००० दिले असते, म्हणजे प्रत्येक संख्या चौपट. ही ४ ची यादी. प्रत्यक्षातले खर्च त्या सरासरीपासून जितके ढळले तो फरक ५०, −२५०, २५०, −५०. त्यांची बेरीज शून्य, म्हणून J त्यांना पुसून टाकतो. कोणतीही यादी अशी सरासरी आणि सरासरीपासूनचा फरक यांत फोडता येते, आणि J पहिल्या भागाला n ने गुणतो, दुसऱ्याला शून्याने. पण लक्षात घ्यावे की हे आपण नंतर पाहिले. उत्तर काढताना एकही आयगेनव्हेक्टर शोधला नव्हता. ही युक्ती मला आवडते ती यासाठी. अज्ञात शोधायच्या आधी अज्ञात किती आहेत ते ती मोजते, आणि एकच उरले की एका समीकरणावर भागवते.

युक्ती कुठवर चालते? रँक १ असलेला कोणताही चौकोन घ्या, n − १ शून्ये आणि उरलेली आयगेनव्हॅल्यू ट्रेसइतकी, हे कायम खरे. पण ट्रेस शून्य निघाला तर गंमत होते. वरच्या रांगेत १, −१ आणि खालच्या रांगेतही १, −१ असा चौकोन घ्या. रँक १, ट्रेस शून्य. दोन्ही आयगेनव्हॅल्यू शून्य, उत्तर बरोबरच आहे. तरी चौकोन शून्याचा नाही. तो (१, ०) या यादीला (१, १) करतो, आणि (१, १) ला शून्य. म्हणजे एका फेरीत यादी मरत नाही, दोन फेऱ्यांत मरते. J मध्ये सगळ्या याद्या दोन स्वच्छ गटांत फुटल्या होत्या, एक n ने गुणला जाणारा आणि एक पुसला जाणारा. इथे तशी फोड होतच नाही, कारण आयगेनव्हेक्टरची दिशा एकच सापडते. हा फरक ओळखायचा कसा? चौकोनाला त्यानेच गुणून पाहावे. J च्या बाबतीत J² = nJ येते. या वाकड्या चौकोनाचा वर्ग मात्र सगळाच शून्य येतो. रँक १ असताना वर्ग नेहमी ट्रेस गुणिले मूळ चौकोन असतो, तेव्हा ट्रेस शून्य आहे की नाही एवढे पाहिले तरी चालते.

J स्वतःसुद्धा या सापळ्यात सापडू शकतो, पण त्यासाठी अंकगणित बदलावे लागते. समजा आपण फक्त ५ ने भागून उरणारी बाकी मोजतो, म्हणजे ३ + ४ = २ आणि ५ म्हणजेच ०. संकेतलिपीच्या आणि चुका पकडणाऱ्या कोडच्या गणितात असे हिशेब रोज होतात. या जगात पाच बाय पाचच्या J चा ट्रेस ५ नसून शून्य आहे. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य होतात, आणि सगळी १ असलेली यादी, जी नेहमीच्या जगात पाचपट होत होती, ती इथे स्वतःच पुसली जाते, कारण तिची बेरीज शून्य आहे. सरासरी काढायला ५ ने भागावे लागते आणि इथे ५ ने भागता येत नाही, म्हणून सरासरी आणि फरक अशी फोडच संपते.

रँक २ झाली की ट्रेस एकटा पुरत नाही, कारण आता अज्ञात दोन. बुद्धिबळाचा पट घ्या. मुख्य कर्ण ज्या रंगाचा आहे त्या रंगाच्या घरांत १ लिहा, दुसऱ्या रंगाच्या घरांत ०. आठ रांगांपैकी दोनच नमुने आहेत, एकआड एक फिरणारे, म्हणून रँक २. सहा आयगेनव्हॅल्यू शून्य. उरलेल्या दोन p आणि q, त्यांची बेरीज ट्रेसइतकी, म्हणजे ८. इथवर येऊन अडते: ७ आणि १ असतील, ५ आणि ३ असतील, काय सांगावे? दुसरे समीकरण चौकोनाच्या वर्गातून मिळते. वर्गाच्या आयगेनव्हॅल्यू p² आणि q² असतात, आणि चौकोन कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर वर्गाचा ट्रेस म्हणजे सगळ्या घरांतल्या संख्यांच्या वर्गांची बेरीज. पटावर १ असलेली घरे ३२. तेव्हा p + q = ८ आणि p² + q² = ३२, यातून p = q = ४. पटाच्या सम रांगा-स्तंभ एकीकडे आणि विषम दुसरीकडे काढून लावले तर चार बाय चारचे दोन J वेगळे होतात, आणि दोन ४ कुठून आले ते कळते.

संगणकावर J टाकून पाहणाऱ्याला वेगळीच शंका येते. नमपाय वापरून चार बाय चारचा J असा तपासता येतो:

```python
import numpy as np
J = np.ones((4, 4))
print(np.linalg.eigvalsh(J))
print(np.linalg.matrix_rank(J), np.trace(J))
```

आयगेनव्हॅल्यूंत ४ येतो, पण तीन शून्यांच्या जागी बहुधा दशांशचिन्हानंतर पंधरा-सोळा शून्ये असलेल्या चिमुकल्या संख्या दिसतात, काही ऋणसुद्धा. त्या खऱ्या आयगेनव्हॅल्यू नव्हेत, यंत्राच्या मर्यादित अचूकतेचा तो कचरा आहे. matrix_rank हा कचरा एका ठरलेल्या मर्यादेखाली शून्य मानतो आणि १ सांगतो. इथे रँक आणि ट्रेसचा हिशेब यंत्राच्या उत्तरावर तपासणीसारखा वापरता येतो. रँक १ आहे हे रांगांकडे पाहून पक्के ठाऊक असेल, तर त्या चिमुकल्या संख्या शून्यच आहेत, हे यंत्राने न सांगता आपण सांगू शकतो.

J एकटा फारसा कुठे भेटत नाही. तो भेटतो दुसऱ्या कशात तरी मिसळून, आणि सगळ्यांत साधी मिसळ म्हणजे J मधून कर्णावरचे १ काढून टाकणे. कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ० असलेल्या चौकोनाला I म्हणतात, आणि तो यादीला जशीच्या तशी ठेवतो. J − I हा चौकोन प्रत्येक जागी आपली स्वतःची संख्या सोडून बाकी सगळ्यांची बेरीज लिहितो. त्याच्या आयगेनव्हॅल्यू वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत. I कोणत्याही यादीला १ ने गुणतो, म्हणून J च्या प्रत्येक आयगेनव्हॅल्यूतून १ वजा करायचा: n − १ एकदा, आणि −१ हा n − १ वेळा. कर्णावर सगळी शून्ये आहेत, तेव्हा बेरीज शून्य यायला हवी, आणि ती येते.

हा चौकोन भारतीय गणिताला फार जुन्या काळापासून ओळखीचा आहे, अर्थात मॅट्रिक्स म्हणून नव्हे. आर्यभटाच्या आर्यभटीय या इ.स. ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात, गणितपाद नावाच्या भागात एक नियम आहे. काही संख्या आहेत, त्या ठाऊक नाहीत. प्रत्येक वेळी एक संख्या सोडून उरलेल्यांची बेरीज तेवढी सांगितली आहे. नियम म्हणतो की या सगळ्या बेरजा एकत्र मिळवा आणि संख्या जितक्या असतील त्याहून एक कमी अशा आकड्याने भागा, म्हणजे सगळ्या संख्यांची बेरीज मिळेल. मग प्रत्येक संख्या वजाबाकीने निघते.

चार संख्यांवर करून पाहू. सांगितलेल्या बेरजा ४०, ३६, ३३ आणि २९. एकूण १३८. तिनाने भागले, ४६. म्हणून संख्या ६, १०, १३, १७. आता याच हिशेबाकडे आयगेनव्हॅल्यूंच्या नजरेने पाहा. मूळ संख्यांची सरासरी ११.५, दिलेल्या बेरजांची सरासरी ३४.५, बरोबर तिप्पट. मूळ संख्या सरासरीपासून −५.५, −१.५, १.५, ५.५ इतक्या दूर आहेत, आणि बेरजा त्यांच्या सरासरीपासून ५.५, १.५, −१.५, −५.५. तेच फरक, चिन्हे उलटी. सरासरी ३ ने गुणली गेली, फरक −१ ने. आर्यभटाने ज्या n − १ ने भागायला सांगितले तीच J − I ची मोठी आयगेनव्हॅल्यू आहे, आणि शेवटची वजाबाकी म्हणजे −१ चे काम. कोडे नेहमी सुटेल का, याचेही उत्तर इथेच आहे: एकही आयगेनव्हॅल्यू शून्य नसली की सुटते, आणि n − १ शून्य होतो तो फक्त n एक असताना. एकच संख्या असेल आणि ती सोडून उरलेल्यांची बेरीज सांगितली, तर काहीच सांगितले नाही.

दुसरी मिसळ मराठी वाचकाच्या ओळखीच्या नावाशी येऊन थांबते. शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) नागपुरात शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासोबत त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचे ऑयलरचे जुने अनुमान खोटे ठरवले, आणि त्यांच्याबद्दल बहुधा तेवढेच सांगितले जाते. त्याच वर्षी त्यांच्या एका निबंधात एक ग्राफ आला. ग्राफ म्हणजे इथे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या रेषा. आज त्याला श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

त्यात १६ बिंदू आहेत. ते चार बाय चारच्या घरांत मांडलेले समजा, आणि कडेला पोचले की पलीकडच्या कडेने पुन्हा आत यायचे. प्रत्येक बिंदू उजव्या-डाव्या शेजाऱ्यांशी, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांशी आणि एकाच तिरक्या दिशेच्या दोन शेजाऱ्यांशी जोडलेला आहे, म्हणजे सहा जणांशी. आता कोणतेही दोन बिंदू उचला, ते एकमेकांना जोडलेले असोत वा नसोत, दोघांचे सामाईक शेजारी बरोबर दोन निघतात. जोडलेल्या जोडीसाठी १ आणि न जोडलेल्या जोडीसाठी ० लिहून सोळा बाय सोळाचा चौकोन A तयार करा. A च्या वर्गात प्रत्येक जागी सामाईक शेजाऱ्यांची संख्या येते: कर्णावर ६, बाकी सगळीकडे २. हे लिहायचे तर

A² = ४I + २J

आणि J पुन्हा समोर आला. त्याच्या आयगेनव्हॅल्यू आपल्याला तोंडपाठ आहेत, १६ एकदा आणि ० पंधरा वेळा. म्हणून A² च्या आयगेनव्हॅल्यू ४ + ३२ = ३६ एकदा आणि ४ पंधरा वेळा. A च्या आयगेनव्हॅल्यू त्यांची वर्गमुळे. प्रत्येक बिंदूला सहा शेजारी असल्यामुळे सगळी १ असलेली यादी A मधून सहापट होते, म्हणून एक आयगेनव्हॅल्यू ६. बाकीच्या पंधरांपैकी काही २, काही −२. किती कोणत्या? पुन्हा ट्रेस. कोणताही बिंदू स्वतःला जोडलेला नाही, म्हणून A च्या कर्णावर सगळी शून्ये. २ जर s वेळा आणि −२ जर t वेळा येत असेल तर s + t = १५ आणि ६ + २s − २t = ०. यातून s = ६, t = ९. सोळा बाय सोळाचा निश्चयक कोणी हातात धरला नाही.

या हिशेबात श्रीखंडे ग्राफची रचना कुठेच वापरली नाही, फक्त सहा शेजारी आणि दोन सामाईक शेजारी एवढेच वापरले. म्हणून तीच वैशिष्ट्ये असलेल्या दुसऱ्या कोणत्याही ग्राफचे उत्तर हेच येणार, आणि तसा दुसरा ग्राफ आहे. चार बाय चारच्या पटावर हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरे जोडा. प्रत्येक घरातून आडवी तीन आणि उभी तीन, सहा घरे. एकाच रांगेतल्या दोन घरांना त्या रांगेतली उरलेली दोन घरे सामाईक, आणि वेगळ्या रांगा-स्तंभांतल्या दोन घरांनाही सामाईक घरे दोनच. तेव्हा आयगेनव्हॅल्यू त्याच: ६ एकदा, २ सहा वेळा, −२ नऊ वेळा. श्रीखंड्यांच्या निबंधाचा मुद्दा हाच होता. हत्तीच्या चालीचा ग्राफ कोणत्याही आकाराच्या पटावर अशा मोजमापांवरून एकमेव ठरतो, अपवाद फक्त चारच्या पटाचा, कारण तिथे त्यांचा ग्राफ आडवा येतो.

दोघांना वेगळे ओळखायचे तर आयगेनव्हॅल्यू सोडून एकाच बिंदूच्या सहा शेजाऱ्यांकडे बघावे लागते. हत्तीच्या ग्राफमध्ये ते सहा जण आपापसांत जोडले जाऊन दोन सुटे त्रिकोण होतात, एक रांगेचा आणि एक स्तंभाचा. श्रीखंडे ग्राफमध्ये त्याच सहा जणांचा एक षट्कोन होतो.